प्रिंटर घ्यावा की बाहेरून प्रिंट करून घ्यावं?

मृण्मयी_के | शनिवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

आमची सोसायटी सिंहगड रोडला. गच्चीवरची टाकी भरून वाहते किंवा रिकामी होते, आणि दोन्ही वेळी शिव्या कमिटीला, म्हणजे यंदा मला. म्हणून लेकीने (नववीत आहे) आणि मी टाकीतली पाण्याची पातळी दाखवणारं यंत्र जुळवलंय. वर अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि ईएसपी३२ बोर्ड, खाली वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये छोटा डिस्प्ले. सगळं टेबलावर व्यवस्थित चालतंय. पण टेबल गच्चीवर नेता येत नाही, त्यामुळे आता डबे हवेत.

चार गोष्टी छापायच्या आहेत: गच्चीवरचा डबा (१२० बाय ९० बाय ५५ मिमी, झाकणासकट), सेन्सर टाकीच्या तोंडाशी धरणारा एल आकाराचा ब्रॅकेट आणि आतली बोर्डाची पट्टी, शिवाय केबिनमधला डिस्प्लेचा डबा. डिझाइन लेक फ्रीकॅडमध्ये करतेय, म्हणजे मुख्यतः चुकतेय.

प्रश्न असा. बाहेर विचारलं तर ग्रॅमवर भाव सांगतात. एकाने पीएलए नावाचं प्लास्टिक ७ रुपये आणि पीईटीजी ९ रुपये ग्रॅम सांगितलं, वर जीएसटी. दुसऱ्याने काही न बघता अख्ख्या कामाचे ३,८०० सांगितले. नवऱ्याचं म्हणणं, त्यापेक्षा २४,००० चा प्रिंटरच आणू, पोरगी शिकेल. माझं म्हणणं, घरात आधीच एक सिंथेसायझर आणि एक ट्रेडमिल आहे.

आम्ही असे उद्योग फार करत नाही. तीन वर्षांत हे दुसरं. काय करावं?

---

आजोबा_कोथरूड | शनिवार, सकाळी १०:१५

क्वचित वापर असेल तर इंकजेट अजिबात घेऊ नका. मी घेतला होता. दोन महिने वापरला नाही की शाई वाळते, मग हेड साफ करण्यातच निम्मी शाई जाते. लेझर घ्या, काळा-पांढरा. टोनर पावडर असते, ती वाळत नाही. माझा सात वर्षं चालू आहे. रंगीत काही लागलं तर अप्पा बळवंत चौकात जाऊन यावं.

---

हिशेबी | शनिवार, सकाळी १०:२२

आजोबा, थ्रीडी प्रिंटर हो. कागदाचा नाही.

मृण्मयीताई, सरळ गणित आहे. फिलामेंटचं, म्हणजे छापायच्या प्लास्टिकच्या तारेचं रीळ १,१०० रुपये किलो, म्हणजे १ रुपया १० पैसे ग्रॅम. हे लोक ९ रुपये लावतात. आठपट! तुमचं काम किती ग्रॅमचं आहे सांगा, लूट लगेच दिसेल. विजेचंही काही नाही, छोटी मशीन दहा तास चालली तर एक-दीड युनिट. प्रिंटर घ्या, वसूल होईल.

---

आजोबा_कोथरूड | शनिवार, सकाळी १०:३१

अच्छा. मग माझा प्रतिसाद बाद समजावा. पण इंकजेट घेऊ नका हे कायम.

---

मृण्मयी_के | शनिवार, सकाळी १०:४०

:)) आजोबा, धाग्याच्या नावात लिहायला हवं होतं, चूक माझीच.

हिशेबी, किती ग्रॅमचं ते मला कसं कळणार? छापल्यावरच कळेल ना?

---

भोसरीकर | शनिवार, दुपारी १:०५

नाही, छापायच्या आधी कळतं. तिथूनच सुरुवात करा, प्रिंटर घ्यायचा की नाही ते नंतर.

प्रूसास्लायसर किंवा क्युरा उतरवून घ्या, डिझाइनचे छापायचे थर पाडणारी सॉफ्टवेअर आहेत, दोन्ही फुकट. प्रिंटर नसला तरी चालतं, यादीतलं कुठलंही साधं मॉडेल निवडा. लेकीच्या डिझाइनची एसटीएल फाइल आत ओढा, मटेरियल पीईटीजी ठेवा, थर ०.२ मिमी, आणि 'स्लाइस' दाबा. किती ग्रॅम आणि किती तास ते खाली लिहून येतं. तास मशीनप्रमाणे बदलतात, ग्रॅम फारसे बदलत नाहीत. दुकानदारही नेमकं हेच करून तुम्हाला भाव सांगतो. ज्याने न बघता ३,८०० सांगितले त्याने तुमचा चेहरा स्लाइस केला.

एक सेटिंग मात्र बघा. दुकानात बहुतेक वेळा दोन बाहेरच्या भिंती आणि आत १५-२० टक्के जाळी धरतात. शोभेच्या वस्तूला ते पुरतं. स्क्रूने आवळायच्या वस्तूला चार भिंती सांगाव्या लागतात. जाळी वाढवण्यापेक्षा भिंती वाढवलेल्या जास्त कामाला येतात. सांगितलं नाही तर कुणी आपणहून करत नाही, आणि वस्तू आवळताना चुरते तेव्हा दोष प्लास्टिकला जातो.

---

मृण्मयी_के | शनिवार, दुपारी ४:२०

केलं! लेकीने केलं, मी बघितलं. सगळ्या भिंती ३ मिमीच्या भरीव धरून:

गच्चीचा डबा १६५ ग्रॅम, ब्रॅकेट आणि पट्टी मिळून ४० ग्रॅम, डिस्प्लेचा डबा ७५ ग्रॅम. एकूण २८० ग्रॅम, साधारण १४ तास.

पहिल्यांदा टाकलं तेव्हा ब्रॅकेट मुंगीएवढा दिसत होता. मग कळलं की त्याचे आकडे इंचातले होते आणि फ्रीकॅडमध्ये ते चुकून मिमी म्हणून टाकले होते, आणि एसटीएल फाइलमध्ये आकडे असतात पण ते मिमी आहेत की इंच हे कुठेच लिहिलेलं नसतं. २५.४ पट मोठा केल्यावर जागेवर आला. हे दुकानात पाठवलं असतं तर?

---

भोसरीकर | शनिवार, दुपारी ४:४५

तर चांगल्या दुकानातून फोन आला असता. वाईट दुकानातून मुंगी आली असती.

---

हिशेबी | शनिवार, संध्याकाळी ५:१०

बघा! २८० ग्रॅम गुणिले १.१० म्हणजे ३०८ रुपयांचा माल. दुकानात २८० गुणिले ९ म्हणजे २,५२०, वर १८ टक्के धरले तर जवळपास २,९७५. तीनशेच्या मालाला तीन हजार! माझा मुद्दा सिद्ध.

---

भोसरीकर | शनिवार, रात्री ९:३०

हिशेबीराव, मालाचा भाव बरोबर आहे, पण अर्धाच हिशेब मांडलात. माझा भोसरीत छोटा टूलरूम आहे, असल्या दोन मशीन आहेत, म्हणून बोलतो.

करासकट दुकानाचा ग्रॅम पडतो १० रुपये ६२ पैसे. घरचा १ रुपया १० पैसे. ग्रॅममागे वाचले साडेनऊ. २४,००० ची मशीन वसूल व्हायला अडीच किलोच्या वर छापावं लागेल, म्हणजे या कामासारखी नऊ कामं. ताई म्हणतात तीन वर्षांत दोन कामं होतात. काढा, किती साली वसूल होतं ते. आणि यात वाया गेलेलं धरलेलं नाही. नवशिक्याचं पहिलं रीळ जवळजवळ अर्धं शिकण्यात जातं. सात तासांच्या छपाईत सहाव्या तासाला डबा मशीनच्या बेडवरून सुटतो आणि सकाळी प्लास्टिकच्या शेवया मिळतात.

आता मुद्द्याचं. गच्चीवरचा डबा मुळात छापताय कशाला? तापकीर गल्लीत जा. पाणी न शिरणारे जंक्शन बॉक्स मिळतात, झाकणाला रबराची रिंग असते, एक आणा दोनेकशे रुपयांत. छापलेल्या डब्याला थराथरांच्या मधून बारीक गळती असते. उन्हाळ्यात कळत नाही, जूनमध्ये कळते. शिवाय झाकणाची रिंग बसेल अशी खाच नीट काढणं हे नवशिक्याचं काम नाही. १६५ ग्रॅम तिथेच वाचले.

जे बाजारात मिळत नाही तेवढंच छापा. बोर्डाची पट्टी, ब्रॅकेट, डिस्प्लेचा डबा. ११५ ग्रॅम.

---

सायली_डी | शनिवार, रात्री १०:१५

जंक्शन बॉक्सला शंभर टक्के अनुमोदन. आणि छापायचं ते पीएलएमध्ये नको, हे मी अनुभवाने सांगते. मी बाल्कनीत झाडांना पाणी घालायच्या टायमरला पीएलएचा डबा केला होता, काळा. एप्रिलमध्ये त्याचं झाकण मधे खचून पापडासारखं झालं. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो. पुण्यात हवा चाळीसवर जाते, पण उन्हात बंद काळा डबा साठ अंशांवर जायला वेळ लागत नाही. पीईटीजी ऐंशीपर्यंत तग धरतो. एएसए त्याहून वर, आणि तो उन्हाने पिचतही नाही, पण तो घरच्या उघड्या मशीनवर छापायचा म्हणजे कडा उचलतात आणि वासही येतो. ब्रॅकेट उन्हात असेल तर पांढरा पीईटीजी घ्या.

आता प्रिंटरबद्दल. मी दोन वर्षांपूर्वी घेतला. पहिले दोन महिने घरात दुसरं काही चाललं नाही. हुक, पेनस्टँड, सासूबाईंच्या देवघरातल्या उदबत्तीचं घर. मग पावसाळा आला. पीईटीजीचं रीळ उघडंच राहिलं होतं. नोझलमधून तडतड आवाज यायला लागला, वस्तूला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटायला लागले. मला वाटलं मशीन बिघडली. तीन रविवार ती उघडून बसले. दोष मशीनचा नव्हता, प्लास्टिकने हवेतलं पाणी ओढलं होतं, आणि ते गरम नोझलमध्ये वाफ होऊन फुटत होतं. रीळ पासष्ट अंशांवर काही तास वाळवलं आणि डब्यात सिलिका जेल टाकून ठेवलं, प्रश्न संपला.

तरी मी म्हणेन, घ्या. हे तीन रविवार मला कुठल्या दुकानात मिळाले नसते.

---

मृण्मयी_के | रविवार, सकाळी ८:०५

सायली, तुझा प्रिंटर आता कधी चालवलास शेवटचा?

---

सायली_डी | रविवार, सकाळी ८:५०

दिवाळीत. आकाशकंदिलाचे सांधे.

(हो, कळलं मला काय म्हणायचंय ते.)

---

हिशेबी | रविवार, सकाळी ९:३०

ठीक आहे, नऊ कामांचा हिशेब मान्य. पण एक गोष्ट भोसरीकरांनीही सोडली आहे. पोरगी शिकतेय, म्हणजे पहिल्या फटक्यात बसणार नाही. दर वेळी दुकानात किमान बिल असतंच, मला एका ठिकाणी ५०० सांगितलं होतं. चार वेळा चुकली तर कर धरून २,३६० नुसते चुकण्याचे, आणि दर खेपेला दोन-तीन दिवस. घरी चुकायला वीस रुपये आणि एक तास लागतो. तर प्रश्न ग्रॅमचा नाही, चुकांचा आहे.

---

भोसरीकर | रविवार, सकाळी ११:२०

हे मात्र लाखातलं बोललात. मान्य. मशीन घ्यायला काही कारण असेल तर ते हेच.

पण यातल्या निम्म्या चुका कागदावरच पकडता येतात. फ्रीकॅडमधून पट्टीचं वरून दिसणारं चित्र काढा आणि साध्या कागदावर खऱ्या मापात छापा. पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा, भोकं टोचा, वर बोर्ड ठेवून बघा. ईएसपी३२ चे बोर्ड दिसायला सारखे असतात, पण तीस पिनांचा वेगळा, अडतीस पिनांचा वेगळा, आणि बनवणारा बदलला की भोकांची जागाही बदलते. नेटवरचं तयार डिझाइन आणून लोक तिथेच फसतात. हातातला बोर्ड व्हर्नियरने मोजा.

छापताना 'फिट टू पेज' बंद करा, स्केल १०० टक्के ठेवा. नाहीतर प्रिंटर गुपचूप तीन टक्के लहान करतो, आणि ४८ मिमीची भोकं साडेशेहेचाळीसवर येतात. खात्रीसाठी कागदाच्या कडेला १०० मिमीची रेघ काढून ठेवा आणि पट्टीने मोजा.

---

आजोबा_कोथरूड | रविवार, सकाळी ११:२६

लेझर प्रिंटर हवा आहे का कुणाला? :)

---

मृण्मयी_के | रविवार, सकाळी ११:४०

आजोबा, आज धाग्याचे हिरो तुम्हीच.

---

सायली_डी | रविवार, दुपारी १२:१०

हे छान आहे. पण कागदावर घट्ट-सैल कळत नाही. डिस्प्लेच्या डब्यात वायर ओढली जाऊ नये म्हणून केबल ग्लँड लावणार असशील ना? पीजी-७ चा आटा साडेबारा मिमी. तू डिझाइनमध्ये साडेबाराचं भोक काढलंस की तो आत जाणार नाही. छापलेली भोकं मापापेक्षा थोडी लहान येतात, आणि किती लहान ते त्या-त्या मशीनवर आणि मटेरियलवर. म्हणून मी नवीन रीळ लावलं की आधी एक छोटी पट्टी छापते. ओपनएससीएडी, म्हणजे कोड लिहून डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, त्यात इतकंच:

```
$fn = 96;
difference() {
  cube([100, 22, 3]);
  for (i = [0:4])
    translate([10 + i*20, 11, -1])
      cylinder(d = 12.5 + i*0.2, h = 5);
}
```

साडेबारापासून १३.३ पर्यंत पाच भोकं, सहा ग्रॅमच्या आत काम. ज्या भोकात ग्लँड हाताने फिरत जातो तो आकडा डिझाइनमध्ये टाकायचा. पहिली ओळ विसरू नका. ती नसेल तर ओपनएससीएडी या मापाचं गोल भोक वीसकोनी काढतं, आणि सपाट बाजूंमुळे ते आणखी दीड दशांश मिमी चिमतं.

दुकानातच छापणार असलात तर ही पट्टी त्याच दुकानातून, त्याच मटेरियलमध्ये करून घ्या. माझ्या मशीनचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

---

भोसरीकर | रविवार, दुपारी १:००

उत्तम. एकच भर. पट्टी आडवी छापली जाते, त्यामुळे भोक वरून दिसतं तसं गोल येतं. डब्याच्या उभ्या भिंतीतलं भोक छापताना वरची कमान हवेत पडते आणि किंचित लोंबते. पट्टीवर बसलेला ग्लँड भिंतीत अडकू शकतो. शक्य असेल तर ग्लँडचं भोक डब्याच्या तळाला काढा.

---

पाबळचा_पाहुणा | रविवार, दुपारी ३:३५

तिसरा पर्याय कुणीच बोललं नाही. पाबळला विज्ञान आश्रमात फॅबलॅब आहे, म्हणजे असली मशीन वापरून वस्तू बनवायची कार्यशाळा. २००२ साली सुरू झाली, अमेरिकेबाहेरची पहिली फॅबलॅब. डॉ. कलबाग सरांनी १९८३ मध्ये आश्रम काढला, तिथलं तत्त्वच हाताने करत शिकायचं. आधी फोन करून जा, मुलीला मशीनपाशी उभं करा. प्रिंटर कधी घेतलाच तर काय घ्यायचा हेही एका भेटीत कळेल.

---

हिशेबी | रविवार, दुपारी ३:५०

सिंहगड रोडवरून पाबळ! त्यापेक्षा नऊ कामं लवकर होतील.

---

पाबळचा_पाहुणा | रविवार, दुपारी ४:०५

सहलीला लोणावळ्याला जाता तेव्हा नाही आठवत अंतर.

---

मृण्मयी_के | रविवार, रात्री ९:१५

सगळं वाचलं, लेकीलाही वाचायला दिलं. तिचं मत: "आई, डिझाइन शिकायला प्रिंटर लागत नाही, पण प्रिंटर शिकायला प्रिंटर लागतो." यावर मी काय बोलणार.

तूर्त ठरलं ते असं. जंक्शन बॉक्स तापकीर गल्लीतून. पट्टी, ब्रॅकेट, डिस्प्लेचा डबा पांढऱ्या पीईटीजीमध्ये दुकानातून. आधी सायलीची मापपट्टी. पाबळ सुट्टीत.

---

भोसरीकर | रविवार, रात्री ९:४०

ब्रॅकेटची एक गोष्ट राहिली. एल आकार कसा झोपवून छापायचा ते दुकानदाराला चित्र काढून द्या, नुसतं तोंडी नको. छापलेली वस्तू थरांच्या दिशेने मजबूत आणि थरांच्या मध्ये कच्ची, लाकडाच्या रेषांसारखी. एल कुशीवर झोपवला, म्हणजे वरून बघितल्यावर इंग्रजी एल दिसेल असा, तर प्रत्येक थर कोपऱ्यातून वळून जातो. उभा छापला तर नेमका कोपऱ्याला एक थर दुसऱ्यावर नुसता चिकटलेला असतो, आणि जोर तिथेच येतो. स्लायसरमध्ये हवा तसा झोपवा, स्क्रीनशॉट काढा, फाइलसोबत पाठवा.

आणि सेन्सर भरलेल्या टाकीतल्या पाण्याच्या अगदी जवळ नको. टाकीवर लावतात त्या वॉटरप्रूफ सेन्सरला साधारण वीस सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. टाकी काठोकाठ भरली की तो वेडेवाकडे आकडे देतो, आणि मग कमिटीला पुन्हा शिव्या.

---

मृण्मयी_के | तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ८:३०

धागा वर काढतेय, कारण हिशेब द्यायचा राहिला होता.

आजोबांकडे खरंच जाऊन आले. चार वेळा कागद छापले, तीन वेळा पुठ्ठा कापला. पहिल्या पुठ्ठ्यावर बोर्डाची यूएसबीची बाजू भिंतीत गेली होती, दुसऱ्यावर भोकं उलट्या बाजूला. हे सगळं दुकानात चुकलो असतो. आजोबांनी चहा दिला, पैसे घेतले नाहीत, आणि लेकीला त्यांच्या नोकरीतली ड्रॉइंग दाखवली. (ते निवृत्त ड्राफ्ट्समन आहेत, हे इथे कुणाला माहीत होतं?)

नऱ्ह्याला एक छोटं दुकान सापडलं. पूर्ण काम देणार म्हटल्यावर मापपट्टी त्याने १५० मध्ये करून दिली. ग्लँड साडेबारात शिरलाच नाही, १२.७ मध्ये जोर लावून, १२.९ मध्ये मस्त. ११५ ग्रॅमचे १,०३५, मापपट्टीचे १५०, कर धरून १,३९८ झाले. जंक्शन बॉक्स १८०.

आता रडगाणं. डिस्प्लेच्या डब्याच्या तळाला जागा नव्हती म्हणून ग्लँडचं भोक भिंतीतच ठेवलं, भोसरीकर म्हणाले तेच झालं. १२.९ चं भोक वरच्या बाजूला अडलं. गोल कानशीने दोन मिनिटांत सुटलं.

आणि ब्रॅकेट. स्क्रीनशॉट पाठवला होता, दोनदा सांगितलं होतं. तरी दुकानाने बेडवर जागा वाचावी म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामाबरोबर उभा करून छापला. गच्चीवर स्क्रू आवळताना बरोबर कोपऱ्यातून कट्‌कन तुटला. तुटलेली कड बघितली तर पुस्तकाची पानं सुटावीत तशी स्वच्छ, एकाही थराला ओरखडा नाही. लेकीने तो तुकडा कंपासपेटीत ठेवलाय.

दुकानदाराने चूक मान्य केली, पुन्हा छापून देतो म्हणाला, पण चार दिवसांनी.

---

हिशेबी | शुक्रवार, रात्री ८:४५

घरी प्रिंटर असता तर आज रात्रीच झाला असता. मी नुसतं म्हणतोय.

---

भोसरीकर | शुक्रवार, रात्री ९:०५

घरी प्रिंटर असता तर पहिला ब्रॅकेट तिनेही उभाच छापला असता.

---

सायली_डी | शुक्रवार, रात्री ९:२०

चार दिवस कशाला थांबता? माझी मशीन धूळ खातेय. दोन महिने घेऊन जा. फिलामेंट तुमचं, नोझल तुंबलं तर साफ करून द्यायचं, आणि दिवाळीच्या आधी परत. दोन महिन्यांत किती वेळा चालू केलीत त्यावरून कळेलच घ्यायची की नाही.

---

मृण्मयी_के | शुक्रवार, रात्री ९:२४

सायली!! उद्या सकाळी येते. नवऱ्याला ट्रेडमिल बाजूला सरकवायला सांगते.

---

मृण्मयी_के | शनिवार, रात्री ११:५०

कुणी जागं आहे का? मशीन जोडली, ब्रॅकेट कुशीवर झोपवलाय, पीईटीजी लावलाय. पहिला थर एका कोपऱ्यात चिकटतच नाही, नोझलबरोबर ओढला जातो. तीनदा थांबवून सुरू केलं. लेक झोपायला तयार नाही.

---

भोसरीकर | शनिवार, रात्री ११:५८

बेडला कुणी हात लावला का?

---

मृण्मयी_के | रविवार, रात्री १२:०३

सगळ्यांनीच लावला. शेजारच्यांनीसुद्धा.

---

भोसरीकर | रविवार, रात्री १२:०५

वरचा पत्रा काढा, भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, कोरडा करा आणि कडेला धरूनच लावा. मग सुरू करा. तरी तोच कोपरा सुटला तर बेड एका बाजूला उतरलाय, ते उद्या सकाळी बघू.

---

मृण्मयी_के | रविवार, रात्री १२:४०

चिकटला. पाचवा थर चालू आहे. आम्ही दोघी जमिनीवर बसून बघतोय.